तिन्हीसांजेचं रडणं आणि पोटाशी घेतलेले पाय

तान्ह्या बाळानं रडताना पाय पोटाशी ओढले की घरात निदानावर लगेच एकमत होतं. पोटात दुखतंय, गॅस झालाय, मुरडा आलाय. कुणी हिंग उगाळायला घेतं, कुणी ग्राईप वॉटरची बाटली शोधतं, आणि बाळाच्या आईला दुपारी काय खाल्लंस ते विचारलं जातं. हे सगळं मायेनंच होत असतं. पण पाय पोटाशी घेणं ही पोटदुखीची भरवशाची खूण नाही, हे फारसं कुणी आईबापांना सांगत नाही.

दोन-तीन महिन्यांचं बाळ कोणत्याही कारणानं जोरात रडलं तरी त्याचं सगळं अंग आवळलं जातं. मुठी मिटतात, चेहरा लालबुंद होतो, पोट टणक लागतं आणि गुडघे वर येतात. भूक लागली तरी हे होतं, झोप अनावर झाली तरी होतं आणि कान ठणकत असला तरी होतं. रडताना बाळ हवाही गिळतं. मग पोट तट्ट फुगतं, वायू सरतो, आणि तेवढ्यात बाळ गप्प झालं तर वायूच त्रास देत होता असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. रडणं आधी सुरू झालेलं असतं आणि वायू त्या रडण्यामुळं साठलेला असतो.

म्हणून पायांपेक्षा दुसरीकडे लक्ष द्यावं लागतं. हे रडणं बाळाच्या कितव्या महिन्यात सुरू झालं? रोज साधारण त्याच वेळी येतं का? आणि रडण्याच्या दोन झटक्यांच्या मध्ये, किंवा रडणं थांबल्यावर, बाळ कसं असतं? माझ्या मते यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, आणि त्याचं उत्तर डॉक्टरांपेक्षा घरच्यांनाच जास्त चांगलं देता येतं.

रोज संध्याकाळी येणाऱ्या या रडण्याला डॉक्टर 'कॉलिक' म्हणतात. अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये मॉरिस वेसेल नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये या रडण्याचं एक माप ठरवलं: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ चालणारं रडणं. पुढं कितीतरी वर्षं हाच 'तीनचा नियम' शिकवला गेला. पण रडणाऱ्या बाळाला घेऊन आलेल्या आईला, तीन आठवडे पूर्ण झाले की या, असं कोण सांगणार? शिवाय पावणेतीन तास रडणारं बाळ आणि सव्वातीन तास रडणारं बाळ यांच्यात फरक तो काय? पोटाच्या अशा तक्रारींची व्याख्या करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं 2016 च्या नियमावलीत उपचारासाठी हा तासांचा हिशेब सोडून दिला. आता व्याख्या साधी आहे. पाच महिन्यांच्या आतलं बाळ, पुन्हा पुन्हा येणारं लांबलचक रडणं, ज्याचं कारण दिसत नाही आणि जे घरच्यांना थांबवता येत नाही. आणि त्याच वेळी बाळाची वाढ नीट, ताप नाही, आजाराची दुसरी खूण नाही. या वाक्याचा उत्तरार्ध फार महत्त्वाचा आहे. बाळ तपासून, बाकी सगळं ठीक आहे हे पाहून मगच हे निदान करायचं असतं.

या रडण्याला वयाचा ठराविक आलेख आहे. बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 मध्ये आयांकडून बाळांच्या रडण्याची रोजची नोंद ठेवून घेतली. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं, असं त्या नोंदींतून दिसलं. यातली बाळं निरोगी होती. म्हणजे संध्याकाळचं थोडंफार रडणं जवळजवळ प्रत्येक तान्ह्या बाळाच्या वाट्याला येतं, आणि कॉलिकचं बाळ त्याच आलेखाच्या वरच्या टोकाला असतं. निरनिराळ्या देशांतल्या नोंदी एकत्र करून 2017 मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात पहिल्या सहा आठवड्यांत बाळं दिवसाला सरासरी दोन तास रडतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत हे रडणं तासाभरावर येतं असं आढळलं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर हे आठवडे जन्मतारखेपासून मोजायचे नाहीत, डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे. आठ आठवडे आधी जन्मलेल्या बाळाचा कळस चौदाव्या आठवड्याच्या आसपास येईल. 'आता तीन महिने झाले तरी रडतोय' म्हणून घाबरणाऱ्या कितीतरी घरांना एवढा हिशेब सांगितला तरी धीर येतो.

एक उदाहरण घेऊ. सहा आठवड्यांची मुलगी आहे, बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीची पहिलीच. जन्माचं वजन 2 किलो 900 ग्रॅम. गेले पंधरा दिवस संध्याकाळी सहाच्या सुमारास ती रडायला लागते आणि रात्री नऊ-साडेनऊपर्यंत कुणाकडंच राहत नाही. छातीशी घेतलं तर दोन घोट पिते, तोंड सोडते, पुन्हा किंचाळते. पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या. आजीनं मीठ-मोहरीनं दृष्ट काढून झाली आहे. शेजारच्या काकूंनी वरचं दूध सुरू करायला सांगितलं आहे, कारण 'आईचं दूध पुरत नसेल'.

अशा बाळाला तपासताना आधी वजन केलं जातं. समजा ते 3 किलो 850 ग्रॅम भरलं. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं घटतं आणि दहा दिवसांत परत येतं. म्हणजे या मुलीनं साधारण बत्तीस दिवसांत 950 ग्रॅम वाढवले, दिवसाला जवळजवळ तीस. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढ चांगली मानतात. दिवसभरात सहा-सात वेळा शू होते, तीही भरपूर आणि फिकट. या दोन गोष्टींनी काकूंची शंका मिटते. दूध पुरतं आहे. ज्या घरात डॉक्टर जवळ नाही तिथंही हा हिशेब करता येतो. आशाताई जन्मानंतर बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात, बाळाचं वजन करतात आणि ते कार्डावर लिहितात. ते कार्ड जपून ठेवा आणि रडणाऱ्या बाळाला दाखवायला नेताना सोबत न्या.

मग सगळे कपडे काढायचे. अगदी सगळे: झबलं, लंगोट, मोजे, टोपी. कारण तान्ह्या बाळाच्या रडण्याची काही कारणं कपड्यांखाली दडलेली असतात. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आईचे केस खूप गळतात. त्यातला एखादा लांब केस किंवा मोज्याच्या आतला सुटा धागा बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो आणि बोट फुगलं की रुतत जातो. बोट आधी लाल होतं आणि नंतर काळं-निळं. आपल्याकडं यात मनगटातल्या आणि घोट्यावरच्या काळ्या दोऱ्याची आणि करगोट्याची भर पडते. बाळ महिन्याला किलोभर वाढतं, दोरा तेवढाच राहतो. म्हणून हातापायांची वीसही बोटं आणि प्रत्येक दोऱ्याखालची कातडी पाहायची. डोळ्याला नखाचा ओरखडा गेला आहे का, तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे आहेत का, कानात सूज आहे का, टाळू वर आलेली आहे का, गळपट्टीचं हाड दाबल्यावर बाळ दचकतं का, गुदद्वाराला चीर आहे का, हेही पाहायचं. ताप मोजायचा. पोट तपासायचं ते बाळ शांत असताना, आईच्या अंगावर पीत असताना, कारण रडणाऱ्या बाळाचं प्रत्येक पोट हाताला कडकच लागतं.

एवढं झाल्यावर तपासण्या फारशा लागत नाहीत. कॅनडात टोरांटोच्या डॉक्टरांनी, ताप नसलेल्या पण रडतात म्हणून तातडीच्या विभागात आणलेल्या 237 बाळांची नोंद तपासली होती. ती 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या साधारण पाच टक्के बाळांनाच गंभीर कारण निघालं, आणि त्यात सगळ्यात जास्त आढळलं ते लघवीतलं इन्फेक्शन. बाकीच्या बहुतेकांचं निदान आईबापांशी बोलून आणि बाळाला नीट तपासूनच झालं होतं. म्हणून अगदी लहान बाळ असेल तर लघवीची तपासणी करून घेणं योग्य. सरसकट एक्स-रे, सोनोग्राफी आणि रक्त काढणं यांतून मात्र हाती काही लागत नाही.

आपल्या उदाहरणातली मुलगी सकाळी हसते, दिव्याकडं टक लावून पाहते, पोटभर पिते. रात्री दहाला झोपली की तीन तास उठत नाही. तपासणीत काही सापडत नाही. हिला कॉलिक आहे असं म्हणता येतं.

आता दुसरं बाळ पाहा, वय सात महिने. गेल्या आठवड्यात सर्दी होऊन गेली, बाकी गुटगुटीत. पहाटे चारला ते अचानक किंचाळून उठतं, पाय पोटाशी घेतं, चेहरा पांढरा पडतो. दोन-तीन मिनिटांत रडणं थांबतं आणि ते आईच्या कुशीत गप्प पडून राहतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. सकाळी दोन झटक्यांच्या मध्ये ते खुळखुळ्याकडं बघतं, थोडं हसतंही, म्हणून घरचे निश्चिंत होतात. दहाच्या सुमारास दुधाची उलटी होते, बाराला आणखी एक. दुपारनंतर झटक्यांच्या मधलं बाळ बदलतं. ते खेळत नाही, नजर देत नाही, मान टाकतं. संध्याकाळी लंगोटात शी दिसते ती फक्त रक्त आणि बुळबुळीत शेंबडासारखा चिकटा.

याला वैद्यकीय भाषेत इंटससेप्शन म्हणतात. सदऱ्याची बाही काढताना तिचा एक भाग दुसऱ्यात शिरावा तसं आतड्याचा एक तुकडा पुढच्या तुकड्यात सरकतो. बहुतेक वेळा हे लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथं मिळतं तिथं, उजव्या बाजूला घडतं. सर्दी किंवा जुलाबाच्या विषाणूनंतर आतड्याच्या भिंतीतल्या गाठी सुजतात आणि आतड्याच्या पुढं ढकलण्याच्या हालचालीत त्या सुजलेल्या भागाला पकडून पुढं ओढलं जातं, असं साधारण समजलं जातं. प्रत्येक ओढीसरशी कळ येते, म्हणून रडणं लाटांनी येतं. आत शिरलेल्या भागाबरोबर त्याच्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. तिथं सूज येते, भिंतीतून रक्त पाझरतं, आणि वेळेत सुटलं नाही तर तो भाग काळा पडून फुटतो.

हे सगळ्यात जास्त होतं पाच ते नऊ महिन्यांच्या बाळांत. कॉलिक या वयापर्यंत संपलेलं असतं. म्हणून एक गोष्ट ठाम धरून चाला: पाच महिन्यांनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या अनावर रडण्याला कॉलिक म्हणू नये, दुसरं कारण शोधावं.

आपल्याकडं या आजारात एक चूक वारंवार होते. लंगोटात रक्त आणि चिकटा दिसला की 'आव पडली' असं म्हटलं जातं, आणि कधी कधी औषधही आवेचंच मिळतं. त्यात पहिले मोलाचे तास निघून जातात. फरक ओळखता येतो. आवेत सहसा ताप असतो, शी वारंवार होते आणि रक्ताबरोबर पातळ मळ येतोच. इंटससेप्शनमध्ये मळ जवळजवळ नसतोच, नुसतं रक्त आणि चिकटा येतो, आणि त्याआधी काही तास लाटांनी येणारं रडणं आणि उलट्या होऊन गेलेल्या असतात. शिवाय रक्ताची शी ही उशिराची खूण आहे. कळा, उलट्या आणि रक्त या तिन्ही गोष्टी एकत्र दिसणारी बाळं निम्म्याहूनही पुष्कळ कमी असतात. काही बाळं तर रडतही नाहीत, नुसतीच पांढरीफटक आणि मलूल पडून राहतात. रक्त दिसेपर्यंत थांबू म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

वेळेत पोचलेल्या बाळासाठी उपाय चांगला आहे. सोनोग्राफीत एकात एक अडकलेल्या आतड्याची गोल कडी स्पष्ट दिसते. बाळाला सलाईन लावून स्थिर करतात आणि मग गुदद्वारातून नळी घालून हवेच्या किंवा सलाईनच्या पाण्याच्या मोजक्या दाबानं आत शिरलेलं आतडं मागं ढकलतात. हे करताना सोनोग्राफीवर किंवा एक्स-रेच्या पडद्यावर पाहत राहतात, आणि बाळांचा सर्जन हाताशी असतो, कारण क्वचित आतडं फुटू शकतं. पाचांतल्या चार बाळांचं ऑपरेशन यामुळं टळतं. साधारण दहांत एका बाळाला हे पुन्हा होतं, बऱ्याचदा पहिल्या दोन दिवसांतच, म्हणून घरी सोडल्यावरही लक्ष ठेवायला सांगतात. ही सोय प्रत्येक तालुक्याला नसते. त्यामुळं शंका आली की जिथं बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफी आणि बाळांचा सर्जन तिघंही आहेत असं ठिकाण, बहुधा जिल्ह्याचं किंवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, थेट गाठावं. वाटेत बाळाला काही पाजू नये.

पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या बाळात, म्हणजे कॉलिकच्याच वयात, आणखी दोन गोष्टी अशाच तातडीच्या आहेत. एक म्हणजे हिरवी उलटी. दूध फाटून पांढरी-पिवळसर ओकारी येते ती वेगळी. गडद हिरवं पित्त उलटीत आलं तर आतडं पुढं कुठं तरी अडलेलं असू शकतं. काही बाळांच्या पोटात आतडी गर्भातच नीट बसलेली नसतात आणि जन्मानंतर, बहुतेक वेळा पहिल्याच महिन्यात, ती स्वतःभोवती पीळ घेतात. पीळ पडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांतच तुटतो. सुरुवातीला पोट फुगलेलंही नसतं आणि बाळ बरं दिसतं, यामुळंच घरचे फसतात. दुसरी गोष्ट हर्नियाची. रडताना जांघेत किंवा अंडकोषाच्या पिशवीत फुगवटा येतो आणि शांत झाल्यावर आत जातो, असं दिसलं तर त्याच आठवड्यात सर्जनला दाखवायचं. मुलग्यांत आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे जास्त आढळतं. तोच फुगवटा कडक होऊन आत जाईनासा झाला, हात लावल्यावर बाळ ओरडू लागलं, तर आतडं अडकलं आहे. मग तासाभराचाही उशीर नको. हर्निया अडकलेलं बाळ तासभर रडत असतं आणि लंगोट कुणी सोडून पाहत नाही, असं घडतं. म्हणूनच वर सगळे कपडे काढायला सांगितले.

काही बाळांचं रडणं संध्याकाळपुरतं नसतं. ती दिवसभर प्रत्येक पाजण्यानंतर कुरकुरतात, शीमध्ये चिकटा आणि रक्ताच्या बारीक रेषा दिसतात, गालांवर-कोपरांवर खरखरीत पुरळ असतं, वजन हवं तसं वाढत नाही. अशा वेळी गाईच्या दुधातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीचा विचार करतात. म्हशीच्या दुधातली प्रथिनं तशीच असतात, म्हणून दूध बदलून काही साधत नाही. आईच्या आहारातून दूध, दही, ताक, पनीर दोन ते चार आठवडे पूर्ण काढायचं, बाळात फरक पडतो का पाहायचं, आणि फरक पडला तर दूध पुन्हा सुरू करून त्रास परत येतो का हेही पाहायचं. ही दुसरी पायरी लोक गाळतात, आणि मग बाळंतीण महिनोन्‌महिने विनाकारण दुधाशिवाय राहते. नुसत्या कॉलिकसाठी आईचं वांगं, हरभरा, बटाटा, भात बंद करण्याला काही आधार नाही. बाळंतिणीला या काळात भरपूर खायला हवं असतं.

औषधांचं म्हणाल तर ग्राईप वॉटर विल्यम वुडवर्ड यांनी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये 1851 मध्ये बाजारात आणलं. त्यात शेपेचं तेल, सोडा, साखर आणि त्या काळी अल्कोहोलही असे. बाळ गप्प होण्यात अल्कोहोल आणि साखरेचा वाटा मोठा असावा. आताच्या बाटल्यांत अल्कोहोल नसतं, पण कॉलिक कमी होतं असा पुरावाही नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही लागत नाही. गॅससाठी देतात ते सिमेथिकॉनचे थेंब निरुपद्रवी आहेत, मात्र चाचण्यांमध्ये ते औषध नसलेल्या साध्या थेंबांहून सरस ठरले नाहीत. डायसायक्लोमीनचं तसं नाही. पोटातली कळ थांबवणारं हे औषध लहान बाळांत श्वास मंदावणं, श्वास थांबणं आणि झटके आणू शकतं. सहा महिन्यांच्या आत ते देऊ नये. मोठ्या भावंडासाठी आणलेली पोटदुखीच्या थेंबांची बाटली घरात असते आणि तीच अर्ध्या रात्री तान्ह्याला दिली जाते. बाटलीवर हे नाव आधी वाचा. अंगावर पिणाऱ्या बाळांत लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जातीच्या उपयोगी जीवाणूंच्या थेंबांनी रडणं काही प्रमाणात कमी झाल्याचं दिसलं आहे. द्यायचे तर डॉक्टरांना विचारून द्यावेत.

बाळगुटीबद्दल आजीशी भांडण्यात अर्थ नाही, पण दोन गोष्टी तिला सांगायला हव्यात. मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड सहाणेवर किती वळसे उगाळायचं हे प्रत्येक घरात वेगळं असतं, आणि जायफळ किंवा वेखंड जास्त झालं तर बाळ सुस्तावतं. ते सुस्तावणं आराम पडल्यासारखं दिसतं. शिवाय गुटीत मध घालायचा तर एक वर्ष थांबायला हवं, कारण मधातल्या एका जीवाणूनं तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. पोटावर हिंगाचा कोमट लेप लावायला हरकत नाही. ओवा-शेपेची धुरी मात्र नको. धुरानं छाती भरते. मेळघाटातल्या काही पाड्यांवर फुगलेल्या पोटावर तापवलेल्या विळ्यानं चटके दिले जातात. त्यात बाळाचे हाल होतात, जखमा पिकतात आणि दवाखान्यात जायचा वेळ वाया जातो. ते थांबलंच पाहिजे.

कॉलिकच्या बाळासाठी करण्यासारखं काय आहे? जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी 2022 मध्ये एक साधी पद्धत तपासली. रडणाऱ्या बाळाला छातीशी घट्ट धरून, मान नीट आधारून, न थांबता पाच मिनिटं चालायचं. गप्प झालं, झोपलं की लगेच खाली ठेवायचं नाही. कडेवरच घेऊन पाच ते आठ मिनिटं बसायचं आणि मग ठेवायचं. झोपी गेल्या गेल्या खाली ठेवलेली बाळं लवकर जागी होतात असं त्यांना दिसलं. प्रत्येक बाळावर, प्रत्येक संध्याकाळी हे चालेल असं नाही. पण त्यानं अपाय काही नाही. संध्याकाळी खोलीतला दिवा मंद करणं, टीव्ही बंद ठेवणं, बाळ एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात सारखं न फिरवणं, यांचाही उपयोग होतो. दिवसभराच्या गोंगाटानं शिणलेल्या तान्ह्याला पाहुण्यांची मांडी झेपत नाही.

आणि बाळाच्या आईकडं पाहा. रडण्याचा कळस जिथं, तिथंच तिची झोप संपलेली असते. याच आठवड्यांत तिला आतून उदास वाटणं, सतत रडू येणं, बाळाचं करावंसंच न वाटणं सुरू झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होतो, आणि अशा घटना याच वयात जास्त होतात. सहन होईनासं झालं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून दहा मिनिटं बाजूला जाणं हा अपराध नाही. पाळण्यात दहा मिनिटं रडून बाळाला काही होत नाही. घरातल्या पुरुषांनी सहा ते नऊ ही वेळ आपल्याकडं घ्यावी.

आपल्या उदाहरणातल्या मुलीचं रडणं बाराव्या आठवड्यापर्यंत उतरेल. तोवर रोज एकदा लंगोट सोडून जांघ आणि वीस बोटं पाहत राहा. आणि रडण्याबरोबर हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, जांघेतला कडक फुगवटा, फुगलेलं ताठ पोट, 100.4 अंशांवरचा ताप, पिणं सोडणं, किंवा रडण्याच्या मध्ये मान टाकून पडणं यांतलं एक जरी दिसलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका. लंगोट पिशवीत घालून सोबत घ्या आणि बाळाला रुग्णालयात न्या.